शीतलचा अर्ज

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी चढलो तेही उशिरा, लग्न झाल्यावर. मी आजवर लिहिलंय ते परीक्षेचे पेपर, शिकवणीतल्या मुलांच्या वहीवर शेरे, आणि लोकांचे अर्ज. अशा माणसानं स्वतःबद्दल चार पानं लिहायला बसावं, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. तरी लिहितो. कारण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — आईला नाही, मित्राला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

शीतल म्हणजे माझी बायको. ती सगळ्यांना सांगते, "मला जनरल शिफ्ट मिळाली ती ह्यांच्या अर्जामुळं." कंपनीतल्या बायकांना सांगते, माहेरी फोनवर सांगते. तिचं ऐकून तिच्या लाइनवरच्या तिघी जणी माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन गेल्या. एकीनं तर निघताना वाकून नमस्कार केला. वयानं माझ्यापेक्षा मोठी बाई. मी मागे सरकलो. तिला वाटलं, सर लाजाळू आहेत.

शीतल म्हणते ते खोटं नाही. शिफ्ट माझ्या अर्जामुळंच मिळाली. पण —

थांबा, आधी आमचं घर सांगतो. नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही.

आम्ही कुरुळीत राहतो. आम्ही दोघंही मूळचे हिंगोलीकडचे. एक खोली, वर पत्रा, एक खिडकी, एक ट्यूबलाइट. शीतल चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. गाडीच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात ना, त्या फळीवर मांडायच्या, टेप गुंडाळायची, टोकं बसवायची. उभ्यानं काम. ती कंपनीची नाही, ठेकेदाराची कामगार. लग्नानंतर मीही वर्षभर अशाच कंपनीत होतो. मग एके दिवशी तीच म्हणाली, "तुम्ही शिका. एकानं तरी शिकायला पायजे. मी आहे की." मी पिंपरीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पाच ते आठ मोशीत शिकवण्या. घर मात्र चालायचं तिच्या पगारावर.

तिची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. फर्स्ट म्हणजे सकाळी सात ते साडेतीन. सेकंड, साडेतीन ते रात्री बारा. आणि नाईट, बारा ते सकाळी सात. जनरल, म्हणजे न फिरणारी रोजची दिवसाची शिफ्ट, थोड्याच जणींना असायची. कंपनीची बस गावागावातून फिरत जाते, म्हणून प्रत्येक वेळेला मागे-पुढे पाऊण तास धरायचा. आता हे माझ्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. सेकंडच्या आठवड्यात ती अडीचला घर सोडायची, मी चारला यायचो. ती रात्री पाऊणला यायची तेव्हा मी झोपलेलो, मी आठला निघायचो तेव्हा ती झोपलेली. सहा दिवस एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना जागं पाहायचो नाही. नाईटच्या आठवड्यात सकाळी पावणेआठ ते आठ — तेवढी पंधरा मिनिटं. ती आत येणार, मी बूट घालणार. दुपारी झोप धड होत नाही म्हणून संध्याकाळी आठला ती पुन्हा आडवी व्हायची, साडेदहाला उठून निघायची. मी शिकवणीवरून येऊन अंधारात, ताट वाजणार नाही असं बघत जेवायचो. फर्स्टच्या आठवड्यात तेवढं रात्रीचं जेवण एकत्र. तेही साडेनऊपर्यंत, कारण तिला पहाटे पाचला उठायचं.

आम्ही भाजी एकाच कढईत ठेवायचो आणि मधून डावानं रेघ ओढायचो. इकडची तिची, तिकडची माझी. जो आधी जेवेल त्यानं आपली बाजू खायची. मी यायचो तेव्हा रेघ नेहमी सरकलेली असायची. माझी बाजू मोठी झालेली. मीही कधीकधी सरकवून ठेवायचो, पण खरं सांगतो, तिच्याइतकी नाही.

नाईटच्या आठवड्यात दारावर मी खडूनं लिहून जायचो — "नाईट आहे. कडी वाजवू नये." खिडकीला पुठ्ठा लावलेला. तरी एप्रिल-मेमध्ये दुपारी तो पत्रा असा तापायचा की शीतल ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन फरशीवर झोपायची. आमच्या घरमालकीण जुन्या गावकरी, त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्या बिचाऱ्या धुणं लांबच्या नळावर न्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, पोरगी झोपत न्हाई बरं का. आमी ऐकतो ना, दुपारभर कूस बदलती. असं किती दिस चालायचं?"

मी म्हणालो, "बघतो मावशी."

आणि मी बघितलंही. तिथूनच हे सुरू झालं.

शीतलच्या कागदांच्या पिशवीत तिनं कामाला लागताना सही केलेलं रात्रपाळीचं संमतीपत्र होतं. तिनं ते न वाचताच सही केली होती. सगळ्याच जणी करतात. दिवाळीच्या सुट्टीत मी ते वाचलं. शेवटची ओळ बारीक अक्षरात होती — कामगारास रात्रपाळी नको असल्यास तसे लेखी कळवावे, उपलब्धतेनुसार जनरल शिफ्टचा विचार करण्यात येईल. मी तिला वाचून दाखवली. तिनं परत वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हंजे नुसतं लिहून द्यायचं? आन् तीन वर्षं मी येडी फळीपुढं उभी?" आणि हसायला लागली. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला तो पहिला उपयोग. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला, सगळ्यात चांगल्या अक्षरात. तिनं खाली सही केली. सही करताना जीभ किंचित बाहेर काढते ती.

अर्ज ठेकेदाराच्या ऑफिसात द्यायचा होता. ते कासारवाडीला, एका टायरच्या दुकानावर. दहा ते पाच उघडं, रविवारी बंद. तिच्या कुठल्याच शिफ्टला ती वेळ सोयीची नव्हती. जायचं तर झोप मोडूनच जावं लागलं असतं. आणि मी रोज नाशिक फाट्याला बस बदलतो, तिथून ते ऑफिस पाच मिनिटांवर. "तुम्ही जाताच की तिकडून," ती म्हणाली. एवढं साधं काम.

पहिल्या दिवशी गेलो तर ऑफिस जेवायला बंद होतं. हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी उशीर झाला, लेक्चर होतं. हेही खरं आहे. तिसऱ्या दिवसापासून मात्र खरं काही उरलं नाही.

कसं सांगू? त्या आठवड्यात तिची नाईट होती. ती गेली, मी ट्यूबलाइट लावली, पुस्तकं अंथरुणभर पसरली, आणि मोठ्यानं वाचत बसलो. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही, मला वाचनाची सवयच उशिरा लागली, एकेक परिच्छेद तीनतीनदा म्हणावा लागतो. शीतल घरात झोपलेली असली की दिवाही नको आणि आवाजही नको. तिनं कधी नको म्हटलं नाही. मीच लावायचो नाही. पण तिच्या नाईटचे सहा दिवस — खोली माझी. दिवा माझा. पत्र्यापर्यंत आवाज गेला तरी चालायचं. त्या रात्री वाचता वाचता मध्येच माझ्या मनात आलं, तिला जनरल मिळाली तर ती रोज संध्याकाळी घरी असेल. रोज रात्री साडेनऊ-दहाला दिवा बंद.

मी काय केलं? अर्ज इतिहासाच्या वहीत ठेवला. म्हटलं, सेमिस्टर होऊ दे.

मोशीत अभ्यासिका होती. रात्री अकरापर्यंत उघडी. माझ्या शिकवणीपासून चार घरं सोडून. मी हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे तुमच्या मनात माझ्यासाठी काही बचाव तयार होत असेल तर तो इथंच थांबावा. मला आपली खोली आवडायची. तिच्याशिवायची खोली — हे लिहिताना हात अडतो, पण तेच खरं आहे.

तीन आठवड्यांनी तिनं विचारलं. ती नाईटवरून आली होती, मी बूट घालत होतो.

"काय म्हणले हो ते कासारवाडीवाले?"

"ठेवून घेतलाय. वर पाठवतो म्हणाले."

"वर म्हंजे कुठं? आभाळात?" ती म्हणाली, आणि जांभई देता देता हसली. मीही हसलो. माझं पहिलं तोंडी खोटं असं हसण्यात गेलं. त्याआधी मी नुसता आळशी होतो, असं म्हणता आलं असतं. त्या सकाळनंतर नाही.

पुढं तिनं फारसं विचारलं नाही. तिचा विश्वासच होता ना. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणायचा, ते ठेकेदार बघतो, आम्हाला माहीत नाही. ती मलाच समजवायची, "मोठ्या ठिकाणी वेळ लागतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी तोंड पाडून बसलेलो असायचो ते वेगळ्या कारणानं.

जानेवारीत तिच्या शेजारच्या फळीवरच्या रुबीनाला तपासणी विभागात जनरल शिफ्ट मिळाली. भोसरीची रुबीना, लेकरू दीड वर्षाचं. तिनं सगळ्यांना पेढे वाटले. शीतलनं तिचा पेढा न खाता रुमालात बांधून आणला, अर्धा माझ्यासाठी. तेव्हा फर्स्टचा आठवडा होता, आम्ही एकत्र जेवत होतो. म्हणाली, "तिचं आधी व्हायलाच पायजे होतं. एवढंसं लेकरू." मग थोड्या वेळानं, ताटात बघत — "पण आपला अर्ज तिच्या आधीचा ना हो?"

मी म्हणालो, "हो."

एवढाच एक शब्द. पेढा मी खाल्ला. कसा खाल्ला, विचारू नका.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज द्यायचा. गेलो होतो. त्या टायरच्या दुकानाच्या बाजूनं लोखंडी जिना आहे. चार पायऱ्या चढलो. वरून कुणीतरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत होतं. मला वाटलं, आता दिला तर तारीख बघतील — दिवाळीतली. विचारतील, इतके दिवस कुठं होता? शीतलला फोन करतील, तिला कळेल. आणि दुसरा विचार, त्याच्या खालचा — शेवटचं वर्ष आहे, एवढी एप्रिल-मेची परीक्षा होऊ दे. कुठल्या विचारानं मी खाली उतरलो? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोघांनीही मला एकेक हात धरून उतरवलं. खाली आल्यावर मी मनाला तिसरंच सांगितलं — नाहीतरी ते नाहीच म्हणणार. ठेकेदार कधी कुणाचं ऐकतो का? अर्ज देऊन तरी काय होणार होतं?

हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. फेब्रुवारीत ती बसमध्ये झोपली आणि कुरुळीचा थांबा मागे पडला, शेवटी ड्रायव्हरनं भोसरीत हलवून उठवलं. हातात डबा घेऊन, डोळे चोळत ती साडेनऊला घरी आली. मावशींनी मला संध्याकाळी सांगितलं. शीतलनं मात्र त्याचीही गंमत केली, "भोसरी पाह्यली फुकटात." तेव्हा मी मनाशी ते वाक्य म्हटलं. एका रविवारी, नाईटचा आठवडा संपवून ती घरी होती. तो एकच सुट्टीचा दिवस, आणि रात्री परत लवकर झोपायचं, कारण सोमवारी पहाटे फर्स्ट. मी वांग्याचं भरीत केलं होतं. ती जेवायला बसली, घास तोंडाजवळ नेला आणि तशीच झोपली. बसल्याबसल्या. घास बोटांत. मी तो अलगद काढून घेतला, तिचा हात पुसला, तिला आडवं केलं. ती झोपेतच म्हणाली, "तुम्ही जेवा." मी तेव्हाही ते वाक्य म्हटलं.

मार्चमध्ये तिचा हात भाजला. नाईटवरून आल्यावर मला गरम पोळी मिळावी म्हणून ती त्या पंधरा मिनिटांत तवा ठेवायची. मी नको म्हणायचो — पण खायचो. त्या दिवशी उभ्याउभ्या तिचा डोळा लागला आणि मनगट तव्याला टेकलं. चर्रकन आवाज आला. मी हात पाण्याखाली धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, "जा तुम्ही, बस चुकेल. परीक्षा जवळ आली ना? जा म्हणते ना सर!"

चिडवायचं असलं की ती मला सर म्हणते. त्या दिवशीही मी हसावं म्हणून म्हणाली. आणि मी गेलो. वही पिशवीत होती, वहीत अर्ज होता, बस नाशिक फाट्याला थांबली. मी पिंपरीची बस धरली.

एवढं होऊनही नाही. का नाही? मी खूपदा शोधलं. राग होता का तिच्यावर? कधीच नाही. उलट त्या महिन्यांत मी तिच्यावर जास्तच माया करायचो. तिचे पाय दाबून द्यायचो, थर्मासमध्ये चहा भरून ठेवायचो, खडूनं दारावर लिहिताना खाली छोटं फूल काढायचो. आता वाटतं, तेच सगळ्यात वाईट होतं. तिची झोप घेत होतो, आणि तिला फूल देत होतो.

मे महिन्यात शेवटचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी मी कोरा कागद घेतला आणि तोच मजकूर पुन्हा लिहिला. तारीख नवी घातली. खाली तिची सही मी केली. हो, तीही मीच. संपर्कासाठी नंबर माझा दिला, कारण शिफ्टमध्ये तिचा फोन गेटवरच्या कपाटात जमा असतो, असं मी लिहिलं. ते खरंही होतं आणि माझ्या सोयीचंही. जिना चढलो. वर एक टेबल, एक पंखा, एक तरुण क्लार्क. त्यानं अर्ज वाचला, शिक्का मारला, पोच दिली. तीन मिनिटं लागली असतील. त्यानं तारखेबद्दल काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्या कागदात.

आता वर्ष होत आलं. मी पास झालो, चांगल्या मार्कांनी झालो. गावाकडे वडिलांनी कधी नव्हे ते फोनवर नाव घेऊन कौतुक केलं. ते मार्क कुठून आले हे मला माहीत आहे. शीतल आता रात्री दहाला झोपते. पहिले दोन महिने तर ती झोपेतून दचकून उठायची, "बस गेली का?" म्हणून. मी म्हणायचो, बस नाही, झोप. हळूहळू ते थांबलं. मनगटावर डाग राहिलाय, बांगडीच्या वर, चिंचोक्याएवढा. अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या बायकांना मी एकच सांगतो — कुणाच्या हाती पाठवू नका, रजा पडली तरी चालेल, स्वतः नेऊन द्या. त्या मान डोलावतात. शीतल चहा ठेवत असते आणि म्हणते, "ह्यांचं ऐका. ह्यांना सगळं माहीत असतं."

हे छापून आलं तर ती वाचेल. ती हल्ली वाचते, तिला वेळ मिळतो. वाचल्यावर ती काय म्हणेल हे मला ठाऊक नाही, आणि तिनं अमुक म्हणावं अशी माझी मागणीही नाही. तुमच्याकडेही नाही.

फक्त तो फोन सांगायचा राहिला. अर्ज दिल्यानंतर चौथ्या दिवशी आला. मी मोशीत शिकवणीला निघालो होतो, रस्त्याच्या कडेला उभा राहून घेतला. कासारवाडीचा तोच क्लार्क होता.

"भाऊ, शीतल मॅडमचं जनरलचं झालंय. सोमवारपासून साडेआठला, तपासणी विभागात. निरोप द्या त्यांना."

मी म्हणालो, "इतक्या लवकर?"

"लवकर कसलं राव," तो म्हणाला. "दिवाळीपासून दोन जागा रिकाम्या होत्या. एक तेवढी जानेवारीत भरली. दुसरी कुणी मागितलीच नाही."